रोधांच्या जोडणीची गणितं: आधी बिंदूंना नावं द्या, मग सूत्र लावा

परळला आमच्या घरी संध्याकाळी नववी-दहावीची मुलं शिकायला येतात. रोधांच्या जोडणीच्या गणितांत त्यांच्या वह्या तपासताना एक गोष्ट वारंवार दिसते. सूत्रं सगळ्यांना पाठ असतात. एकसर जोडणीत बेरीज करायची आणि समांतर जोडणीत व्यस्तांची बेरीज करायची, हे झोपेतून उठवून विचारलं तरी मुलं सांगतात. तरीही उत्तर चुकतं, कारण कोणता रोध कोणाशी एकसर आहे आणि कोण कोणाला समांतर आहे, हे ती आकृतीच्या दिसण्यावरून ठरवतात. कागदावर आडव्या ओळीत काढलेले रोध एकसर वाटतात आणि एकाखाली एक काढलेले समांतर वाटतात. या समजुतीला काहीही आधार नाही.

या लेखात एकच मिश्र परिपथ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवला आहे. त्यानंतर मुलं हमखास जिच्यात अडकतात अशी एक फसवी आकृती घेतली आहे. पेन्सिल घेऊन बसा आणि प्रत्येक पायरीची आकृती स्वतः काढत वाचा. इंग्रजी माध्यमाच्या मुलांनी एकसर म्हणजे सिरीज, समांतर म्हणजे पॅरलल आणि रोध म्हणजे रेझिस्टन्स असं धरून चालावं.

आपलं गणित असं आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीचं धन टोक क बिंदूला आणि ऋण टोक घ बिंदूला जोडलं आहे. मधले आकडे ओहममध्ये आहेत.

```
          ┌── ४ ──── ८ ──┐
क ── ३ ── ख              ग ── १ ── घ
          └────── ६ ─────┘
```

परिपथाचा परिणामी रोध काढायचा आहे. बॅटरीतून वाहणारी धारा आणि प्रत्येक रोधातली धाराही काढायची आहे.

## १. आकडेमोडीआधीची तयारी

सर्वप्रथम एकके पाहा. सगळे रोध ओहममध्ये आहेत का? एखादा २ किलोओहम आणि बाकीचे ५०० ओहम असतील, तर २ किलोओहमचे २००० ओहम करून आकृतीतच लिहा. शेवटी करू म्हणून ठेवलं की ते राहून जातं. धारा मिलिअँपिअरमध्ये दिली असेल तर तिला १००० ने भागून अँपिअर करा. त्याशिवाय V = I × R मध्ये ती घालू नका.

मग आकृतीतली उपकरणं बघा. शालेय गणितात अॅमीटरचा रोध शून्य धरतात, म्हणून त्याच्या जागी साधी तार आहे असं समजा. व्होल्टमीटरचा रोध फार मोठा धरतात, म्हणून तो आकृतीत नाहीच असं समजा. बंद कळ म्हणजे तार आणि उघडी कळ म्हणजे तुटलेली वाट. बॅटरीचा अंतर्गत रोध दिला असेल, तर तो बॅटरीला लागून एकसर जोडलेला एक रोध म्हणून आकृतीत काढून टाका. नुसता डोक्यात ठेवलात तर विसराल.

आपल्या गणितात यांपैकी काहीच नाही, तेव्हा पुढे जाऊ.

## २. बिंदूंना नावं देणं

खरं काम या पायरीवर होतं, आणि मुलं नेमकी हीच पायरी गाळतात.

बॅटरीच्या धन टोकाला पेन्सिल टेकवा आणि त्या टोकाला क म्हणा. आता तारेवरून पेन्सिल पुढे न्या. वाटेत रोध येत नाही तोवर तार कितीही वळली, कितीही फुटली, तरी ती सगळी तार म्हणजे क हाच एक बिंदू. रोध ओलांडून पलीकडे गेलात की नवं नाव द्यायचं. एका तारेच्या दोन टोकांना दोन वेगळी नावं कधीच देऊ नका, कारण आदर्श तारेत विभवांतर शून्य असतं आणि तिची दोन्ही टोकं विद्युतदृष्ट्या एकच जागा असते.

आपल्या आकृतीत ३ ओहम ओलांडला की ख येतो. ख पाशी वाट फुटते. वरच्या वाटेने गेलं की ४ ओहमनंतर एक बिंदू येतो, त्याला प म्हणू. तिथून ८ ओहम ओलांडला की ग. खालच्या वाटेने ६ ओहम ओलांडला की तोच ग. मग १ ओहम ओलांडून घ.

आता आकृती बाजूला ठेवा आणि वहीत ही यादी करा:

```
३ : क–ख
४ : ख–प
८ : प–ग
६ : ख–ग
१ : ग–घ
```

यापुढचे सगळे निर्णय या यादीवरून घ्यायचे. यादी बरोबर असेल तर आकृती कितीही वेडीवाकडी असली तरी काही बिघडत नाही.

तपासणी: आकृतीत जितके रोध आहेत, तितक्याच ओळी यादीत हव्यात. एखाद्या रोधाच्या दोन्ही टोकांना एकच नाव आलं, उदाहरणार्थ ख–ख, तर त्या रोधाला तारेने शॉर्ट केलं आहे. त्यातून धारा वाहत नाही, म्हणून ती ओळ खोडा. एखादं टोक कशालाच जोडलेलं नसेल तर तो रोधही खोडा.

## ३. एकसर कोण, समांतर कोण

यादी हातात आली की नियम दोनच उरतात.

समांतर: दोन रोधांच्या दोन्ही टोकांची नावं सारखी असतील तर ते समांतर. एकच टोक सारखं असणं पुरेसं नाही.

एकसर: दोन रोधांमध्ये एक टोक सामाईक आहे आणि त्या सामाईक बिंदूला तिसरं काहीही जोडलेलं नाही, तरच ते एकसर. तिसरा रोध असो, बॅटरीचं टोक असो किंवा गणितात "या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंतचा रोध काढा" असं म्हटलेलं टोक असो, काहीही चालत नाही.

दुसऱ्या नियमाचा उत्तरार्ध मुलं विसरतात. आपल्या यादीत ३ आणि ६ यांच्यात ख सामाईक आहे. "टीचर, एकापुढे एक आहेत ना, मग बेरीज करू?" असा प्रश्न दर वर्षी येतो. तेव्हा मी त्यांना मध्य रेल्वेवर नेते. शीवहून कुर्ल्याला आलेले सगळे प्रवासी पुढे विद्याविहारलाच जातात का? नाही. काही जण कुर्ल्याला उतरून हार्बरची गाडी पकडतात. त्यामुळे शीव ते कुर्ला आणि कुर्ला ते विद्याविहार या दोन टप्प्यांतली गर्दी सारखी नसते. एकसर म्हणण्यासाठी दोन्ही रोधांतून तीच धारा जायला हवी. मध्ये कुर्ल्यासारखं जंक्शन आलं की ती अट मोडते. ख हे आपलं कुर्ला आहे. तिथे ३, ४ आणि ६ असे तीन रोध भेटतात.

याउलट प बिंदूला फक्त ४ आणि ८ जोडलेले आहेत. तिथे उतरायला दुसरी वाटच नाही, म्हणून ४ आणि ८ एकसर आहेत.

समांतर कोणी आहे का? यादीत दोन्ही नावं सारखी असलेली जोडी अजून एकही नाही. ६ ची नावं ख–ग आहेत, पण ४ ची ख–प आणि ८ ची प–ग. म्हणजे या घडीला ६ हा ४ लाही समांतर नाही आणि ८ लाही नाही. आकृतीत तो दोघांच्या बरोबर खाली काढलेला आहे, म्हणून डोळा फसतो.

## ४. आतून बाहेर, एका वेळी एकच जोडी

आता सूत्रं लावायची. बॅटरीपासून सुरुवात करू नका. परिपथाच्या सगळ्यात आतल्या भागापासून सुरुवात करा आणि दरवेळी एकच जोडी मिटवून यादी पुन्हा लिहा. दोन जोड्या एकदम मिटवायच्या नादात एखादा रोध दोनदा धरला जातो.

पहिली जोडी. ४ आणि ८ एकसर:

```
R = ४ + ८ = १२ Ω   (ख–ग)
```

प हा बिंदू आता उरला नाही. नवी यादी अशी:

```
३  : क–ख
१२ : ख–ग
६  : ख–ग
१  : ग–घ
```

दुसरी जोडी. आता १२ आणि ६ या दोघांची नावं ख–ग आहेत, म्हणून ते समांतर:

```
१/R = १/१२ + १/६
    = १/१२ + २/१२
    = ३/१२ = १/४
R = ४ Ω   (ख–ग)
```

थांबा. शेवटची ओळ लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. एका मुलाच्या वहीत मी पाहिलं होतं: "१/R = १/४, म्हणून ०.२५" आणि पुढच्या पायरीत ३ + ०.२५ + १. त्याची व्यस्तांची बेरीज अचूक होती, फक्त शेवटी उलटायचं राहिलं. यावर उपाय साधा आहे. समांतर जोडणीच्या प्रत्येक आकडेमोडीत डावीकडे १/R लिहिलंच पाहिजे. नुसते अपूर्णांक मांडत गेलात की आपल्या हातात R आहे की १/R, हे कळेनासं होतं.

तपासणी: समांतर जोडणीचं उत्तर सगळ्यात लहान रोधापेक्षा लहान यावं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ०.२५ हेही ६ पेक्षा लहानच आहे, म्हणजे या तपासणीतून ती चूक निसटते. म्हणून खालची मर्यादाही बघा. सगळ्यात लहान रोधाला समांतर रोधांच्या संख्येने भागा. उत्तर त्याहून लहान येऊच शकत नाही. इथे सगळ्यात लहान ६ आणि रोध दोन, म्हणून उत्तर ३ आणि ६ यांच्या मध्ये हवं. ४ बसतं, ०.२५ बसत नाही. कोणी घाईत छेदांची बेरीज करून १/१२ + १/६ = २/१८ लिहिलं तर उत्तर ९ येतं, आणि तेही इथेच पकडलं जातं.

ही मर्यादा कुठून आली, ते सांगते. दोन्ही रोध ६-६ चे असते तर परिणामी रोध ३ झाला असता. आपल्याकडे एक ६ चा आहे आणि दुसरा त्याहून मोठा, तेव्हा उत्तर ३ पेक्षा मोठंच येणार.

दोन रोधांसाठी गुणाकार भागिले बेरीज हे सूत्रही चालतं: (१२ × ६) ÷ १८ = ४. पण ते दोनच रोधांसाठी आहे. तीन रोधांचा गुणाकार करून त्यांच्या बेरजेने भागू नका. का, ते फसव्या आकृतीत दिसेल.

तिसरी पायरी. उरलेली यादी ३ : क–ख, ४ : ख–ग, १ : ग–घ. आता ख ला दोनच रोध जोडलेले आहेत आणि ग लाही दोनच. जंक्शन मिटलं, सगळे एकसर झाले:

```
R = ३ + ४ + १ = ८ Ω
```

एकसर जोडणीचं उत्तर सगळ्यात मोठ्या रोधापेक्षा मोठं हवं. ८ हे ४ पेक्षा मोठं आहे, ठीक.

प्रत्येक टप्प्याची छोटी आकृती वहीत ठेवा, खोडू नका. या आकृत्या तपासणाऱ्याला दाखवण्यापुरत्या नाहीत. सहाव्या पायरीत आपल्याला त्याच आकृत्यांमधून उलटं चालत यायचं आहे.

## ५. एकूण धारा

```
I = V / R = १२ / ८ = १.५ A
```

ही बॅटरीतून निघणारी धारा. १२ व्होल्ट हे क आणि घ यांच्यामधलं विभवांतर आहे, आणि ८ ओहम हा क ते घ मधला परिणामी रोध. ओहमचा नियम लावताना V, I आणि R हे तिन्ही एकाच तुकड्याचे असले पाहिजेत. पुढच्या बहुतेक चुका ही अट मोडल्यामुळे होतात.

सावधान: ६ ओहममधली धारा काढायची म्हणून १२ ÷ ६ = २ अँपिअर असं लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. ६ ओहमच्या टोकांना १२ व्होल्ट नाहीतच, ते पूर्ण परिपथाला आहेत. शिवाय उत्तरच ओरडून सांगतंय की चूक झाली. बॅटरीतून १.५ अँपिअर निघत असताना एका शाखेत २ अँपिअर कुठून येतील?

## ६. आल्या वाटेने परत

आता ठेवलेल्या आकृत्या शेवटाकडून सुरुवातीकडे बघत यायचं. नियम एवढाच लक्षात ठेवा: एकसर तुकडा उघडताना धारा तीच राहते, समांतर तुकडा उघडताना विभवांतर तेच राहतं.

८ ओहम उघडला की ३, ४ आणि १ मिळतात. ते एकसर आहेत, म्हणून तिघांतूनही १.५ अँपिअर वाहतात. त्यांची विभवांतरं:

```
क–ख : १.५ × ३ = ४.५ V
ख–ग : १.५ × ४ = ६ V
ग–घ : १.५ × १ = १.५ V
```

बेरीज ४.५ + ६ + १.५ = १२ व्होल्ट. बॅटरीशी जुळली, म्हणून पुढे जायला हरकत नाही. जुळली नसती तर इथेच थांबून चूक शोधायची.

आता ख–ग मधला ४ ओहम उघडू. त्यातून १२ आणि ६ निघतात, तेही समांतर. दोघांनाही ६ व्होल्ट मिळतात:

```
वरची शाखा   : ६ / १२ = ०.५ A
खालची शाखा : ६ / ६  = १ A
```

०.५ + १ = १.५. ख ला जेवढी धारा आली तेवढीच दोन वाटांनी पुढे गेली. मोठ्या रोधाच्या वाटेने कमी धारा गेली, हेही बघा. मुलं धारेची वाटणी रोधाच्या प्रमाणात करतात आणि मोठ्या रोधाला मोठा वाटा देतात. वाटणी व्यस्त प्रमाणात होते. रोध दुप्पट असेल तर धारा निम्मी.

शेवटी वरची शाखा उघडायची. ४ आणि ८ एकसर, दोघांतूनही ०.५ अँपिअर. ४ ओहमवर २ व्होल्ट, ८ ओहमवर ४ व्होल्ट, बेरीज ६. गणित पूर्ण झालं.

वेळ असेल तर शक्तीची तपासणी करा. बॅटरी १२ × १.५ = १८ वॅट देते. प्रत्येक रोधाचं I²R काढलं तर ३ ओहममध्ये ६.७५, ४ मध्ये १, ८ मध्ये २, ६ मध्ये ६ आणि १ मध्ये २.२५ वॅट येतात. बेरीज १८. ही तपासणी मला सगळ्यात भरवशाची वाटते, कारण एकाही रोधाची धारा चुकली तर ती सहसा जुळत नाही.

## ७. फसवी आकृती

```
     ┌──────────────┐
क ───┴── २ ── ख ── ३ ── ग ── ६ ── घ
```

या आकृतीत क पासून निघालेली वरची तार ग ला येऊन मिळते असं समजा. अशीच आणखी एक तार खालून ख पासून घ पर्यंत काढा. वहीत नीट काढाल तेव्हा रोध एका ओळीत दिसतील आणि वर-खाली दोन कमानी. क आणि घ मधला परिणामी रोध काढायचा आहे.

"सगळे एका ओळीत आहेत ना टीचर, मग २ + ३ + ६ = ११." वर्गातली निम्मी मुलं हे उत्तर देतात आणि कमानींकडे बघतही नाहीत.

दुसरी पायरी प्रामाणिकपणे करा. क पासून वरची तार थेट ग ला जाते, वाटेत रोध नाही. म्हणजे ग हा वेगळा बिंदू नाहीच, तो क च आहे. ग खोडून तिथे क लिहा. तसंच ख आणि घ खालच्या तारेने जोडलेले आहेत, म्हणून ख खोडून घ लिहा. आता यादी:

```
२ : क–घ
३ : घ–क
६ : क–घ
```

तिन्ही रोधांच्या दोन्ही टोकांची नावं सारखी आहेत. तिघेही समांतर!

```
१/R = १/२ + १/३ + १/६
    = ३/६ + २/६ + १/६ = ६/६
R = १ Ω
```

तपासणी: सगळ्यात लहान रोध २, रोध तीन, म्हणून उत्तर ०.६७ आणि २ यांच्या मध्ये हवं. १ बसतं. इथे कोणी गुणाकार भागिले बेरीज लावलं तर ३६ ÷ ११ म्हणजे सुमारे ३.२७ येतं. ते २ पेक्षा मोठं आहे, म्हणजे सूत्र चुकीच्या जागी वापरलं गेलं.

क–घ ला ६ व्होल्ट दिले तर रोधांतून अनुक्रमे ३, २ आणि १ अँपिअर वाहतील, एकूण ६. आणि मधल्या ३ ओहममधून धारा उजवीकडून डावीकडे जाईल, कारण त्याचं उजवं टोक क ला आहे. यादीत मी मुद्दाम घ–क असं लिहिलं, ते यासाठी. आकृतीत धारा नेहमी डावीकडून उजवीकडेच वाहते, ही समजूत इथे गळून पडते.

## ८. हातात रोध घेऊन

कागदावर पटत नसेल तर लॅमिंग्टन रोडवरून १००, २२० आणि ३३० ओहमचे पाव वॅटचे रोध, एक ब्रेडबोर्ड आणि ९ व्होल्टची बॅटरी आणा. सोनेरी पट्टी सोडून बाकीचे तीन रंग बघा: १०० वर तपकिरी-काळा-तपकिरी, २२० वर लाल-लाल-तपकिरी, ३३० वर नारिंगी-नारिंगी-तपकिरी. हे प्रयोग बॅटरीवरच करायचे, घरातल्या प्लगवर कधीही नाही.

ब्रेडबोर्डवरची पाच छिद्रांची एक रांग आतून जोडलेली असते. म्हणजे एक रांग हाच आपला एक बिंदू. रांगेवर पेन्सिलीने क, ख, ग लिहा. १०० ओहम क–ख मध्ये, २२० आणि ३३० दोन्ही ख–ग मध्ये लावा. एका रोधाचे दोन्ही पाय चुकून एकाच रांगेत घातलेत तर तो शॉर्ट झाला, म्हणजे दुसऱ्या पायरीतली ख–ख ओळ प्रत्यक्षात बघायला मिळेल.

हिशेब असा: (२२० × ३३०) ÷ ५५० = १३२ ओहम, अधिक १००, एकूण २३२ ओहम. बॅटरी न लावता मल्टिमीटर क आणि ग ला टेकवा. आकडा बरोबर २३२ येणार नाही. सोनेरी पट्टीचे रोध ५ टक्के इकडे-तिकडे असतात, म्हणून २२० ते २४४ च्या दरम्यान काहीही आलं तरी जोडणी बरोबर आहे. ४३० च्या आसपास आला तर २२० ची जोडणी सुटली आहे, आणि ३२० च्या आसपास आला तर ३३० ची. चूक कुठे आहे हे आकडाच सांगतो.

एक गंमत करून बघा. सगळं जोडलेलं असताना मल्टिमीटर फक्त २२० च्या दोन पायांना लावा. २२० दिसणार नाही, १३२ च्या आसपास दिसेल, कारण मीटरला ख आणि ग मधले दोन्ही रोध एकदम दिसतात. सुटा रोध मोजायचा तर त्याचा एक पाय रांगेतून काढावा लागतो.

मग बॅटरी जोडा. ९ ÷ २३२ म्हणजे सुमारे ३९ मिलिअँपिअर धारा अपेक्षित आहे. १०० ओहममध्ये साधारण ०.१५ वॅट खर्च होतात, म्हणून पाव वॅटचा रोध कोमट होईल पण टिकेल. धारा मोजताना मीटर २०० मिलिअँपिअरच्या रेंजवर ठेवा आणि परिपथ एका जागी तोडून मधोमध, म्हणजे एकसर लावा. धारेच्या रेंजवरचा मीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावलात तर त्याचा फ्यूज उडतो. आकडा ३९ पेक्षा कमी आला तर जोडणीवर शंका घेण्याआधी परिपथ चालू असताना बॅटरीच्या टोकांवरचे व्होल्ट मोजा. वापरलेली बॅटरी अंतर्गत रोधामुळे ९ च्या खाली उतरलेली असते. मिळालेले व्होल्ट २३२ ने भागा आणि मग तुलना करा.

## ९. ही पद्धत कुठे थांबते

कधी कधी यादी बरोबर असते, पण एकही जोडी एकसर निघत नाही आणि समांतरही नाही. उदाहरणार्थ, क आणि घ ला बॅटरी जोडलेली असताना:

```
२ : क–ख      ४ : क–ग
३ : ख–घ      ६ : ग–घ
५ : ख–ग
```

ख ला तीन रोध, ग लाही तीन, आणि दोन्ही नावं सारखी असलेली जोडी नाही. हा व्हीटस्टनचा सेतू. इथे जबरदस्तीने बेरीज करू नका. गुणोत्तर बघा: २/३ आणि ४/६ सारखे आहेत. त्यामुळे ख आणि ग चं विभव सारखं राहतं आणि मधल्या ५ ओहममधून धारा वाहत नाही. ती ओळ खोडा. मग ख आणि ग मोकळे होतात: २ + ३ = ५, ४ + ६ = १०, आणि ५ व १० समांतर म्हणजे ५० ÷ १५, सुमारे ३.३३ ओहम.

गुणोत्तरं जुळली नाहीत तर एकसर-समांतरच्या नियमांनी हे गणित सुटत नाही. त्याला बारावीतले किरचॉफचे नियम लागतात. नववी-दहावीच्या गणितात असा सेतू दिसला आणि गुणोत्तर जुळत नसेल, तर आधी आपली यादी पुन्हा तपासा. बहुतेक वेळा एखाद्या तारेच्या दोन टोकांना दोन नावं दिलेली सापडतात.